भाकरी आणि भाषा



या व्याख्यानमालेत माझ्याआधी विद्वान प्राध्यापक बोलून गेले आहेत. मी शाळेत फार शिकलेला माणूस नाही. जे थोडेफार वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, संध्याकाळच्या सभा आटोपल्यावर झाले. त्यामुळे आजचा विषय मी पंडिताच्या अंगाने मांडणार नाही. कामगाराने परमुलखात जाऊन पोट भरायचे, तर तेथील भाषा त्याला किती यावी, ती 'किती' कोणी ठरवायची, आणि ती शिकण्याचा खर्च कोणाच्या खिशातून जायचा, एवढाच प्रश्न मी घेतला आहे. त्यासाठी एकच देश निवडला आहे, जर्मनी. त्याला कारणही तसेच आहे. आपल्या महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. तेव्हापासून आपल्याकडच्या तालुक्याच्या गावीही 'ए-वन', 'बी-टू' हे शब्द मुलांच्या तोंडी ऐकू येऊ लागले आहेत. हे शब्द कोठून आले, याला सत्तर वर्षांचा इतिहास आहे आणि तो मजुरांचा इतिहास आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीचे कारखाने पुन्हा उभे राहिले तेव्हा तेथे माणसे कमी पडू लागली. १९५५ साली जर्मन सरकारने इटलीशी मजूरभरतीचा करार केला. पुढे १९६० मध्ये स्पेन आणि ग्रीस, १९६१ मध्ये तुर्कस्तान, १९६४ मध्ये पोर्तुगाल असे करार होत गेले. इस्तंबूलमध्ये जर्मनांनी भरतीची कचेरी उघडली. तेथे उमेदवाराचे दात पाहत, छाती तपासत, लघवी तपासत, हाताला कसब आहे की नाही याचीही परीक्षा घेत. भाषेची परीक्षा मात्र सरसकट कोणालाच नव्हती. ज्याला बोलावले त्याचे नावच 'गास्टआर्बाइटर', म्हणजे पाहुणा कामगार. पाहुणा चार दिवस राहतो आणि परत जातो. तुर्कस्तानशी झालेल्या पहिल्या करारात तर मुक्कामाला दोन वर्षांची मर्यादाच घातलेली होती. दोन वर्षांत जाणाऱ्या माणसाला भाषा शिकवून काय करायचे, असा हिशेब होता. पण शिकवून तयार केलेला हात दर दोन वर्षांनी घालवायचा आणि नवा आणायचा, हे मालकांनाच परवडेना. १९६४ साली ती मर्यादा काढून टाकण्यात आली. मर्यादा गेली, तरी भाषेचा हिशेब जुनाच राहिला.

त्याच १९६४ सालच्या सप्टेंबरची १० तारीख. कोलोन शहरातील डॉइट्झ स्टेशनवर पोर्तुगालहून आलेल्या आगगाडीतून एक अडतीस वर्षांचा सुतार उतरला. त्याचे नाव आर्मांदो रॉद्रिगेस द सा. मालकांच्या संघटनेने हा दहा लाखावा पाहुणा कामगार म्हणून निवडला होता. त्याला फुलांचा गुच्छ आणि एक मोपेड भेट देण्यात आली. ती मोपेड बॉनच्या इतिहास-संग्रहालयात ठेवलेली आहे, आणि तो फोटो जर्मन शाळांतल्या मुलांनाही ठाऊक असतो. कर्ण्यावरून नाव पुकारले तेव्हा, आपल्याला परत पाठवतात की काय, या भीतीने तो घाबरला होता असे सांगतात. पुढची हकिगत फोटोत नाही. काही वर्षांनी गावी गेला असता त्याला पोटाचा असाध्य आजार निघाला. जर्मनीत इतकी वर्षे कापून दिलेल्या विम्याच्या वर्गणीतून आजारपणात आपल्याला काय मिळू शकते याची त्याला माहिती नव्हती. जमवलेली पुंजी औषधपाण्यात गेली आणि १९७९ साली तो वारला. भाषा न येण्याची किंमत म्हणतात ती ही. यंत्र चालवायला त्याला भाषा लागली नाही. हक्क मागायला मात्र लागली असती.

कारखान्यात मग कोणती भाषा चालत असे? हायडेलबेर्ग विद्यापीठातील काही संशोधकांनी १९७० च्या दशकात स्पॅनिश आणि इटालियन अशा ४८ कामगारांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून तपासले. ती एक मोडकी जर्मन होती. क्रियापदाला काळ नाही, लिंग-वचन नाही, सगळे 'करणे, येणे, जाणे' एवढ्यावर भागवलेले. तसे बोलायला कामगार आपणहून शिकला होता असेही नाही. मुकादमही त्याच्याशी तसेच बोलत असे, "तू उद्या लवकर येणे, तू इथे साफ करणे." जर्मनमध्येही आपल्या 'तू' आणि 'आपण' सारखा भेद आहे. अनोळखी प्रौढ माणसाला 'आपण' म्हणायची तेथे रीत आहे, पण पाहुण्या कामगाराला सर्रास अरे-तुरे होत असे. ज्याच्या कानावर दिवसभर मोडकी भाषा पडते त्याने नीट भाषा शिकायची कोठून? या संशोधकांना आढळले ते असे की, माणूस जर्मनीत किती वर्षे राहिला यापेक्षा, कामाच्या वेळेबाहेर त्याचा जर्मन माणसांशी किती संबंध येतो यावर त्याची भाषा अधिक अवलंबून असते. मजुरांच्या बराकीत दहा वर्षे काढलेला माणूस, जर्मन शेजारात दोन वर्षे राहिलेल्यापेक्षा मागे राहू शकत होता.

१९७२ साली तेथील कायद्याने परदेशी कामगारांना कारखान्याच्या कामगार-समितीवर निवडून येण्याचा हक्क दिला. कायदा चांगला होता. पण समितीचे कामकाज जर्मनमध्ये, नोटिसा जर्मनमध्ये. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९७३ मध्ये, कोलोनच्या फोर्ड कारखान्यात रजेवरून उशिरा परतलेल्या सुमारे ३०० तुर्की कामगारांना काढून टाकले म्हणून मोठा संप झाला. त्या संपात तुर्की कामगार एका बाजूला आणि मुख्य युनियन दुसऱ्या बाजूला असे दुर्दैवी चित्र दिसले. त्याची कारणे अनेक आहेत, सगळी भाषेची नाहीत. परंतु मी युनियनचा माणूस म्हणून सांगतो, ज्या सभासदाचे गाऱ्हाणे दुभाष्यामार्फतच कळते, त्याचे गाऱ्हाणे युनियनला नेहमी उशिराच कळते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मनीने भरती बंद केली. तोपर्यंत सुमारे २६ लाख परदेशी कामगार तेथे कामावर होते. भरती थांबली पण माणसे गेली नाहीत. त्यांनी बायका-मुले आणली.

आता पायऱ्यांकडे येतो. स्ट्रासबूर येथे 'युरोप परिषद' नावाची संस्था आहे. तिच्या भाषातज्ज्ञांनी १९७० च्या सुमारास एक साधा पण क्रांतिकारक विचार मांडला. भाषा किती येते हे व्याकरणाचे किती धडे झाले यावर मोजू नका. माणूस त्या भाषेत काय करू शकतो यावर मोजा. दुकानात भाव विचारू शकतो का? डॉक्टरला दुखणे सांगू शकतो का? १९७५ मध्ये त्यांनी इंग्रजीसाठी अशा गरजांची यादी प्रसिद्ध केली. तिचे नाव होते 'उंबरठ्याची पातळी'. परक्या समाजाच्या घरात पाऊल टाकायला किमान एवढी भाषा हवी, असा त्याचा अर्थ. या विचाराला फळे येत येत २००१ साली सहा पायऱ्यांची चौकट तयार झाली : ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१, सी-२. जुना 'उंबरठा' तो आजचा बी-१. ए म्हणजे प्राथमिक गरजा भागवणारा, बी म्हणजे स्वतंत्रपणे वावरणारा, सी म्हणजे भाषेवर हुकमत असणारा. ही चौकट शिकणाऱ्याला आपण कोठे आहोत हे कळावे म्हणून केलेली होती. एकच माणूस ऐकण्यात बी-२ आणि लिहिण्यात ए-२ असू शकतो, हेही ती मान्य करते. जे लोक ऐकून भाषा शिकतात त्यांचे बहुधा असेच असते.

पण शिडी तयार झाली की तिचा उपयोग दरवाजा म्हणून करण्याचा मोह राज्यकर्त्यांना होतोच. जर्मनीत २००५ पासून नव्या रहिवाशांसाठी सरकारी खर्चाचा मोठा हातभार असलेले ६०० तासिकांचे भाषावर्ग सुरू झाले. पन्नास वर्षांनी सुचलेले हे शहाणपण. २००७ पासून तेथे राहणाऱ्याच्या पत्नीला किंवा पतीला येण्यापूर्वीच ए-१ ची परीक्षा द्यावी लागू लागली. ज्या देशाने दात तपासून माणसे घेतली, तो आता जीभ तपासू लागला.

नोकरीच्या बाबतीत आपल्या मुलांचा फार घोटाळा होतो तो येथे. त्यांना वाटते पायरी एकच, आणि ती चढली की नोकरी. खरे पाहता दारे तीन आहेत आणि तिन्हींचे पहारेकरी वेगळे आहेत. पहिले दार सरहद्दीचे. तेथे व्हिसा मिळण्यापुरती पायरी पाहतात. जून २०२४ पासून जर्मनीने 'संधीपत्र' म्हणून एक व्हिसा काढला आहे. त्यासाठी जर्मन ए-१ किंवा इंग्रजी बी-२ एवढे किमान पुरते. बाकी शिक्षण, अनुभव, वय यांचे मिळून सहा गुण जमवावे लागतात, आणि त्यात जर्मन ए-२ ला एक, बी-१ ला दोन, बी-२ ला तीन गुण आहेत. पण ध्यानात घ्या, हा व्हिसा नोकरी शोधण्याचा आहे, नोकरीचा नव्हे. ए-१ वर आत शिरलेला माणूस कोणते काम शोधू शकेल ते आपणच ताडावे. दुसरे दार धंद्याच्या परवान्याचे. डॉक्टर, परिचारिका अशा धंद्यांत राज्याच्या खात्याने मान्यता दिल्याशिवाय त्या नावाने काम करता येत नाही. तेथे परिचारिकेला साधारणपणे बी-२ आणि डॉक्टरला त्याहून वरची, धंद्याच्या भाषेची वेगळी परीक्षा लागते. तिसरे दार मालकाचे. संगणकाच्या धंद्यात कायदा भाषा विचारत नाही, पण मालक विचारू शकतो. म्हणून कोणी "बी-१ पुरते" असे सांगितले की पहिला सवाल विचारावा : कोणत्या दाराला पुरते?

एक उदाहरण पायरीपायरीने घेऊ. समजा, आपल्याकडची नर्सिंगचा अभ्यासक्रम पूर्ण केलेली एक मुलगी आहे. तिला श्टुटगार्टच्या बाजूला इस्पितळात जायचे आहे. आरंभापासून बी-२ पर्यंत जायला पंचेचाळीस मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात, असा जर्मन भाषेच्या परीक्षा घेणाऱ्या गोएथे संस्थेचा अंदाज आहे. रोज चार तासिका, आठवड्याचे पाच दिवस धरले तर आठवड्याला २० होतात. म्हणजे तीस ते चाळीस आठवडे, आणि तेही एक दिवस न चुकवता, दुसरी नोकरी न करता. 'सहा महिन्यांत बी-टू' अशी पाटी लावणाऱ्या क्लासचा हिशेब आपण आता घरी बसून तपासू शकता. परीक्षेचे चार भाग आहेत : वाचणे, ऐकणे, लिहिणे, बोलणे. प्रत्येकात शंभरपैकी साठ गुण हवेत. एका भागातील जास्तीचे गुण दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाहीत. मात्र नापास झालेला भाग तेवढा पुन्हा देता येतो, ही सोय चांगली आहे.

इकडे भाषा चालू असताना तिकडे तिची कागदपत्रे राज्याच्या खात्याकडे जातात. खाते तिच्या अभ्यासक्रमाची जर्मन अभ्यासक्रमाशी तुलना करते आणि बहुधा कळवते की अमुक विषयांत उणीव आहे. ही उणीव तेथे जाऊन, ठरावीक मुदतीचे जोडशिक्षण घेऊन किंवा एक परीक्षा देऊन भरून काढायची असते. तोपर्यंत ती इस्पितळात असते खरी, पण परिचारिका म्हणून नव्हे, मदतनीस म्हणून, आणि पगारही मदतनिसाचा. मान्यतेचा कागद हाती पडायला उणीव भरून निघावी लागते आणि बी-२ ही हवे. दोहोंपैकी एक जरी अडले तरी ती मदतनीसच. जी मुलगी बी-१ वरच गेली तिला दिवसभर रुग्णांना उचलून-बसवून, संध्याकाळी थकल्या अंगाने बी-२ चा अभ्यास करावा लागतो. अशा मुली महिनेच्या महिने मदतनिसाच्या पगारात अडकतात. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, जमत असेल तर बी-२ येथेच पुरे करावे. विमानाचे तिकीट काही महिने उशिरा मिळाले तरी चालेल.

बरे, बी-२ झाले म्हणजे वॉर्डात सगळे कळते काय? तेही नाही. परीक्षेतल्या ध्वनिमुद्रणात माणसे स्पष्ट, शहरी जर्मन बोलतात. श्टुटगार्टकडचा म्हातारा रुग्ण कवळी काढून ठेवलेल्या तोंडाने श्वाबी बोली बोलतो. प्रमाण जर्मनमध्ये 'हेबेन' म्हणजे उचलणे. श्वाबीत त्याच शब्दाचा अर्थ धरणे. प्रमाण भाषेत 'फूस' म्हणजे पाऊल. श्वाबी माणूस सबंध पायालाच 'फूस' म्हणतो. आता रुग्ण म्हणाला 'फूस' दुखतो, आणि परिचारिकेने घोट्याखाली पाहून नोंद केली, तर मांडीचे दुखणे कागदावर आलेच नाही. दुसरी अडचण पाळी बदलतानाची. जाणारी परिचारिका पाच-दहा मिनिटांत एकेका रुग्णाची हकिगत सांगते, त्यात निम्मे शब्द संक्षेप असतात. तेथे "पुन्हा सांगता का?" असे विचारायला धीर लागतो. जाणत्या वॉर्डप्रमुख नव्या मुलीला ऐकलेले उलट म्हणून दाखवायला लावतात. न समजता 'हो, हो' म्हणणारी आणि समजून थोडे चुकीचे बोलणारी यांतली फरकाची रेघ त्यावरूनच कळते, प्रमाणपत्रावरून नव्हे.

डॉक्टरांच्या बाबतीत जर्मन राज्यांनी २०१४ मध्ये हे ओळखले. त्यांच्या भाषापरीक्षेचे वीस-वीस मिनिटांचे तीन भाग आहेत. आधी रुग्णाची हकिगत विचारून घ्यायची, मग ती लिहून काढायची, मग तीच वरिष्ठ डॉक्टरला सांगायची. ही परीक्षा मला पसंत आहे, कारण ती कामाच्याच अंगाने घेतलेली आहे. उंबरठ्याची यादी करणाऱ्यांना मुळात हेच अभिप्रेत होते.

काम तेच राहते, पण कामाची भाषा वाढते, याचाही दाखला द्यायला हवा. एका मोटार-सुटेभागांच्या कारखान्यात सुमारे ३०० कामगार होते. त्यात एक स्पेनमधून आलेला मदतनीस १९७८ पासून कामाला होता. २००१ मध्ये त्याने जर्मन लिहिता-बोलता येणे आवश्यक असल्याच्या कागदावर सही केली. २००३ मध्ये मालकाने स्वतःच्या खर्चाने, कामाच्या वेळात त्याला एक भाषावर्ग दिला. पुढचे वर्ग सुचवले ते त्याने नाकारले. २००४ पासून कारखान्याला गुणवत्तेचे नवे नियम लागू झाले, आणि तपासणीत वारंवार आढळले की त्याला कामाच्या लेखी सूचना वाचता येत नाहीत. दोनदा सूचना देऊन, कामगार-समितीच्या संमतीने, त्याला २००७ अखेर काढण्यात आले. खटला सर्वोच्च कामगार न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी २०१० मध्ये निकाल लागला, मालकाच्या बाजूने. कामाला खरोखरच वाचन लागत असेल तर ते मागणे म्हणजे परदेशी म्हणून भेदभाव नव्हे, असे न्यायालयाने म्हटले.

निकाल चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. मालकाने वेळ दिला, वर्ग दिला, सूचना दिल्या. पण १९७८ ते २००१ ही तेवीस वर्षे माझ्या डोक्यातून जात नाहीत. इतकी वर्षे त्याच्या हातांनी माल तयार झाला, आणि तरुणपणी वाचायला शिकला असता त्या वयात कोणी पाटी पुढे केली नाही. पन्नाशी उलटल्यावर वर्गात बसायला सांगितले तेव्हा त्याने पाठ फिरवली. या वयात बाकावर बसण्याची लाज काय असते, हे आमच्या साक्षरतावर्गात मी पाहिले आहे. माणसे चष्मा विसरल्याचे सांगतात.

म्हणून आता जी मुले-मुली जायला निघतात त्यांच्या पालकांना मी एक कागद पुन्हा पुन्हा वाचायला सांगतो, तो म्हणजे नोकरीचा करार. भाषावर्गाचा खर्च मालकाने किंवा मधल्या संस्थेने केला असेल, तर अनेकदा त्यात एक कलम असते : इतकी वर्षे नोकरी सोडायची नाही, सोडल्यास खर्च परत करायचा. रक्कम किती, ती दर महिन्याने कमी होत जाते की शेवटपर्यंत तेवढीच राहते, आणि इस्पितळाने स्वतःच काढून टाकले तर काय, या तीन गोष्टी कलमात लिहिलेल्या आहेत की नाहीत ते पाहावे. मान्यता मिळाल्यावर पगार कोणत्या तारखेपासून वाढेल तेही पाहावे. आणि करार आपल्याला नीट वाचता येईल अशा भाषेतही मागावा. ही मागणी काही जगावेगळी नाही. १९६१ साली इस्तंबूलच्या भरती-कचेरीत तुर्की मजुराच्या हाती जो छापील करार दिला जाई, तो जर्मन आणि तुर्की अशा दोन्ही भाषांत असे.